सवयींचं ॲप लिहितोय: स्ट्रीक हवी, पण ती तुटल्यावर माणूस खजील होऊ नये. कसं जमवावं?

पायवाट

मंडळी, नोकरी सांभाळून एक अँड्रॉइड ॲप लिहितोय, कोटलिनमध्ये. चालणं, रियाज, बीपीची गोळी, वाचन, ज्याला जी सवय लावायची असेल तिची रोज नोंद ठेवायची. सगळा डेटा फोनमध्येच राहतो. लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. सध्या ओळखीतल्या काही जणांना वापरायला दिलंय.

मांडणी नेहमीचीच आहे. रोज टिक केली की सलग दिवसांचा आकडा, म्हणजे स्ट्रीक, एकाने वाढतो, एक दिवस गेला की शून्य. ७, ३० आणि १०० दिवसांना बॅज. आकडा वाढत असतो तोवर लोक खूश असतात, मला स्क्रीनशॉट पाठवतात. पण मोठी स्ट्रीक तुटली की तो माणूस बहुतेक वेळा परत येत नाही. माझी मावशी हार्मोनियमचा रियाज नोंदवायची. घरच्या लग्नाच्या गडबडीत एक दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी ॲप उघडलं तर भलंमोठं "०", आणि खाली "अरेरे! तुमची साखळी तुटली". तिने ॲपच काढून टाकलं. म्हणाली, "रियाज चालू आहे रे माझा, पण त्या शून्याकडे बघवत नाही."

स्ट्रीक काढूनच टाकली तर रोज ॲप उघडायचं कारण उरत नाही. ठेवली तर हे असं. ज्यांनी असं काही बांधलंय किंवा भरपूर वापरलंय त्यांनी सांगा.

झटपट

सोपं आहे. सवय लागायला २१ दिवस लागतात, तेवढे दिवस कडक ठेवा, चुकलं की शून्य. एकदा २१ झाले की ढील द्या. आणि भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोसारखं स्ट्रीक फ्रीझ द्या: एखादा दिवस बुडाला तर फ्रीझ खर्च होतो, आकडा शाबूत राहतो. महिन्याला दोन फुकट, पुढचे विकत. ॲपचा खर्चही निघेल.

मंजिरी_स

झटपट, फ्रीझची कल्पना चांगली आहे, पण त्या २१ दिवसांत काही दम नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं, की रुग्णांना स्वतःच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. त्यातला "किमान" गळाला, चेहराही गळाला, आणि २१ तेवढे राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे अभ्यास केला, तो २०१० साली छापून आला. एखादी गोष्ट आपोआप घडायला लागेपर्यंत कुणाला १८ दिवस लागतील तर कुणाला २५४, असा त्यांचा हिशेब निघाला. मधला आकडा ६६. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायाम उशिरा.

पायवाट, तुमच्या कामाची गोष्ट त्याच अभ्यासात पुढे आहे. मध्येच एखादी संधी हुकली तर सवय जडण्याच्या वाटचालीत फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुमच्या मावशींच्या हातात जे होतं ते दुसऱ्या दिवशीही जवळजवळ तेवढंच होतं. ॲप मात्र सांगत होतं की सगळं गेलं. खोटं ॲप बोलत होतं आणि वाईट मावशींना वाटत होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचे व्यायाम दिलेल्या पेशंटांमध्ये हे रोज बघते. एक दिवस बुडाला म्हणून काही बिघडत नाही, पण "एवीतेवी मोडलंच आहे, आता सोमवारपासून" म्हणून जे दहा दिवस जातात ते बिघडवतात. यावर जुना प्रयोग आहे, हर्मन आणि मॅक, १९७५. मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीमची चव घ्यायला सांगितली, हवं तेवढं खा म्हणून. ज्या एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम मोडलाच आहे म्हटल्यावर राखायचं काही उरत नाही. तुमचं "०" म्हणजे तो मिल्कशेक आहे.

कोडगा

मंजिरीताईंशी सहमत. आता हे कोडमध्ये कसं उतरवायचं ते बघू.

'लूप हॅबिट ट्रॅकर' हे ॲप ओपन सोर्स आहे, त्याचा कोड वाचा. तिथे स्ट्रीक आहे, पण मुख्य आकडा दुसराच आहे: सवयीची ताकद, टक्क्यांत. रोजच्या सवयीसाठी गणित एवढंच:

```
m = 0.5^(1/13)        // सुमारे 0.948
केलं:      score = score*m + (1 - m)
नाही केलं:  score = score*m
```

शून्यापासून सुरू करून एकही दिवस न चुकता केलं, तर १३ दिवसांनी ५० टक्के होतात आणि ३० दिवसांनी ८०. आता मावशींचा लग्नाचा दिवस धरा. ८० चे ७६ होतात. बस्स. पुढचे चार दिवस पेटी हातात घेतली की परत ८०. आठवडाभर गावाला गेल्या तर ५५ पर्यंत खाली येतील आणि परत तिथे पोचायला १५ दिवस लागतील. म्हणजे चुकल्याचा परिणाम दिसतो, पण जेवढा असायला हवा तेवढाच.

तोटाही सांगतो. ६० दिवसांनंतर आकडा ९६ वर जातो आणि मग जेमतेमच हलतो. ९० व्या दिवशी ९९. जो माणूस इमानदारीत तीन महिने करतोय त्याला जवळजवळ रोज तोच आकडा दिसतो, आणि पूर्ण १०० कधी येतच नाही. त्यामुळे टक्का एकटा पुरत नाही. त्याच्या शेजारी एकूण किती वेळा केलं तो आकडा ठेवा. तो कधीच खाली येत नाही.

आणि फ्रीझ विकू नका. विकत घेण्याइतका धाक वाटावा असं ॲप तुम्हाला मग मुद्दाम बांधावं लागेल. धाक कमी झाला की विक्री कमी.

झटपट

ठीक आहे, २१ मागे घेतो. पण ९६ टक्के वगैरे बघून कुणाला हुरूप येणार आहे? "सलग ४७ दिवस" यात जी मजा आहे ती टक्क्यात नाही. ड्युओलिंगो काय मूर्ख आहे का?

कोडगा

मजा आहे, कबूल. म्हणून स्ट्रीक काढा असं म्हणालोच नाही, ती खालच्या मजल्यावर न्या. तुटली तर मोठ्या अक्षरात शून्य दाखवायची गरज काय? "आत्तापर्यंत सगळ्यात लांब: ४७" हे कायम राहू द्या.

प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या गिटहबने प्रोफाइलवरून चालू स्ट्रीक आणि सर्वांत लांब स्ट्रीक हे दोन्ही आकडे मे २०१६ मध्ये काढून टाकले. हिरव्या चौकटींचा तक्ता तसाच ठेवला. लोक प्रोग्रॅमिंग करायचं सोडून गेले नाहीत. शनिवारी रात्री नुसता आकडा टिकावा म्हणून केलेले फालतू बदल तेवढे करायची गरज उरली नाही.

अण्णा_सातारकर

नमस्कार. मला फोनमधलं फार कळत नाही, पण विषय आवडला. मी तंबाखू सोडतोय. मुलाने एक ॲप घालून दिलं होतं, त्यात "इतके दिवस तंबाखूविना" असा आकडा यायचा. एका मयतीला गेलो, तिथे जुने दोस्त भेटले, एक चिमूट घेतली. आता ॲपला खरं सांगावं तर सगळे दिवस जातात, म्हणून सांगितलंच नाही. मग ते रोज अभिनंदन करायला लागलं. लाज वाटून उघडणंच बंद केलं. तर तुमचं ॲप यासाठी चालेल का? आणि पाणी प्यायची आठवण त्यात आहे का? डॉक्टरांनी सांगितलंय.

मंजिरी_स

अण्णा, एका चिमटीने मागचे दिवस पुसले जात नाहीत, हे आधी सांगते. आणि तंबाखू सोडायला नुसत्या ॲपवर राहू नका. १८००-११-२३५६ ही सरकारची टोल-फ्री क्विटलाइन आहे, तिथे समुपदेशकाशी बोलता येतं.

पायवाट, अण्णांनी फार मोठी गोष्ट सांगितली आहे. खरं सांगितल्यावर शिक्षा होत असेल तर माणूस खोटं सांगतो, आणि मग नोंदीला काही अर्थच राहत नाही. सोडायच्या सवयींना लावायच्या सवयींचं गणित जसंच्या तसं चालवू नका.

पायवाट

अण्णा, पाण्याची आठवण आहे. सोडायच्या सवयी अजून घातलेल्या नाहीत, आणि हे वाचून वाटतंय की घाईने घालूही नयेत. "घेतली" असं नोंदवल्यावर स्क्रीनवर नेमकं काय दिसावं, हे मला आत्ता तरी सुचत नाही.

कोडगा, गणित बसवून बघितलं. मावशीच्या नोंदी घालून ७६ आला. आणखी एक विचित्र तक्रार आहे. एक काका पहाटे फिरायला जातात. ते म्हणतात, एकही दिवस चुकवला नाही तरी ॲप मध्येच दिवस रिकामा दाखवतं. मला वाटलं विसरले असतील.

कोडगा

तारीख कशी साठवता ते दाखवा. आणि काका फिरून किती वाजता येतात?

पायवाट

```kotlin
val day = System.currentTimeMillis() / 86_400_000
```

येतात साडेपाचच्या आसपास.

कोडगा

काका बरोबर आहेत. हा दिवस ग्रीनिचचा आहे. आपल्याकडे तो पहाटे साडेपाचला बदलतो. काकांनी सोमवारी पावणेसहाला टिक केली, तो सोमवार धरला गेला. मंगळवारी जरा लवकर, सव्वापाचला केली, तर ग्रीनिचला अजून सोमवारच आहे, म्हणून तीही सोमवारच्याच खात्यात. बुधवारी परत पावणेसहा. मंगळवार रिकामा, स्ट्रीक शून्य, आणि एकही दिवस न चुकवलेल्या माणसाला "अरेरे". नऊ वाजता टिक करणाऱ्याला हा घोळ कधीच दिसणार नाही, म्हणून चाचणीत सापडत नाही.

रात्रपाळी

मी नर्स आहे, नावाप्रमाणेच. तारखेचा विषय निघालाच आहे तर सांगते, रात्री बाराला दिवस संपवू नका. माझी दुपारची ड्यूटी संपून घरी यायला अकरा-साडेअकरा होतात. जेवून, आवरून पंधरा मिनिटं वाचते आणि टिक करायला जावं तर साडेबारा, म्हणजे "उद्या". माझ्या लेखी तो आजच असतो, झोपेपर्यंत.

कोडगा

हे दोन्ही एका ओळीत मिटतं:

```kotlin
val day = ZonedDateTime.now().minusHours(3).toLocalDate()
```

पहाटे तीनपर्यंत आदलाच दिवस. लूपमध्येही तीनचीच सोय आहे, सेटिंगमध्ये चालू करावी लागते. टिक केली त्याच क्षणी ही तारीख काढून साठवा. नंतर वेळेवरून पुन्हा काढत बसू नका, नाहीतर फोनचा टाइमझोन बदलला की जुन्या नोंदी हलतील.

रात्रपाळी

पूर्ण रात्रपाळी असते तेव्हा तीनला मी वॉर्डात असते, पण ठीक आहे, तेव्हा वाचतही नाही.

सोनटक्का

मी ॲपवाली नाही, वापरणारी. आमच्या घरी सासूबाईंचा रोज पोथीचा एक अध्याय वाचायचा नेम आहे. सुतक आलं की पोथीला हात लावत नाहीत, आजारी असल्या तर मी वाचते आणि त्या ऐकतात. पण नेम मोडला असं त्या म्हणत नाहीत. सूट कशाकशाला हे आधीच ठरलेलं आहे, त्यामुळे मनाला लावून घ्यायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या ॲपमध्ये "आज सूट" असं एक बटण का नाही?

पायवाट

हे आवडलं. कोडगाच्या गणितात सूट घातलेल्या दिवशी आकडा जसाच्या तसा ठेवायचा, वाढवायचाही नाही आणि घटवायचाही नाही. ॲपलचं घड्याळ २०१५ साली आलं आणि त्यात रोजच्या हालचालीच्या रिंगा थांबवायची सोय थेट २०२४ साली आली. तोवर तापाने फणफणलेला माणूसही रिंग पूर्ण करायला घरात फेऱ्या मारत होता.

प्रश्न एकच, सूट आधी मागायची की नंतरही घेता यावी? आणि किती?

झटपट

आधीच. नंतर सूट म्हणजे परीक्षेनंतर अर्ज. रोजच सूट घेतील.

मंजिरी_स

ताप सांगून येतो का? नंतरही हवी. ॲप कुणाची हजेरी घेत नाहीये. ज्याला स्वतःलाच फसवायचं आहे तो खोटी टिक करेलच की, सूट कशाला घेईल?

कोडगा

इथे मी झटपटच्या थोडा बाजूने. महिनाभर सूट घेऊनही आकडा ८० च दाखवला तर तेही खोटंच. एक महिना न वाजवता हात ८० टक्क्यांवर राहत नाही. मी सलग सात दिवसांपर्यंत आकडा गोठवेन, त्यानंतर नेहमीसारखा उतरू देईन.

सोनटक्का

बाळंतपणाला सात दिवस? पाळीचे चार-पाच दिवस दर महिन्याला? हे सात कुणी ठरवले?

कोडगा

मी, आत्ता, खुर्चीत बसून. तुमचा मुद्दा मान्य. मग मर्यादा नको, पण लांब सुटीवरून आल्यावर विचारा: "जिथे होता तिथूनच, की नव्याने?" ठरवू दे त्यालाच.

मंजिरी_स

चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी काय लिहायचं, यावर कुणी बोललं नाही. "अरेरे" काढा हे तर झालंच. पण "काही हरकत नाही, तुम्ही छान आहात!" हेसुद्धा नको. हरकत आहे असं कोण म्हणालं होतं? मी एवढंच लिहीन: "काल नोंद नाही. रियाज झाला होता का?" आणि खाली दोन बटणं, "झाला होता" आणि "नाही". पुष्कळदा काम झालेलं असतं, टिक राहिलेली असते. शिवाय काही फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप बंद करतात, मग तुमची आठवण पोचतच नाही. तो दोष वापरणाऱ्याच्या माथी कशाला?

आठवणींचंही तसंच. तीन दिवस उत्तर आलं नाही तर रोजची आठवण थांबवा, आठवड्याने एकदा विचारा. नाहीतर माणूस नोटिफिकेशनच बंद करतो, आणि मग तुमच्या हातात काहीच राहत नाही.

पायवाट

घातलं. शब्द तुमचेच वापरतोय, चालेल ना? आता बॅज. सध्या न मिळालेले बॅज करड्या रंगात, कुलूप लावून दिसतात.

रात्रपाळी

ते करडे बॅज मला कामाच्या यादीसारखे दिसतात. १०० दिवसांचा करडा बॅज म्हणजे "तुला अजून जमलेलं नाही" असा रोजचा निरोप. मिळेल तेव्हाच दिसू दे.

झटपट

मला उलट वाटतं. पुढे काय आहे ते दिसलं नाही तर जोर कशासाठी लावायचा? लपवलेल्या बक्षिसासाठी कोण धावतं?

कोडगा

फक्त पुढचा एक दाखवा, बाकीचे झाका. आणि बॅज सलग दिवसांवर देऊच नका, एकूण वेळांवर द्या: २५ वेळा, १०० वेळा, २५० वेळा. तुटायची भीती त्यात नाहीच, आणि आठवड्यातून तीनदा करणाऱ्यालाही तो मिळतो, फक्त उशिरा.

सोनटक्का

खंड पडल्यावर परत आलेल्याला एखादा बॅज द्या ना. खरं कठीण तेच असतं.

मंजिरी_स

मलाही आधी तसंच वाटायचं. पण विचार करा, दहा दिवसांनी परत आलेल्याच्या तोंडावर कागदी फुलं उडवली तर "तू दहा दिवस नव्हतास" हेच आधी कळतं. काहींना आवडेल, काहींना टोचेल. ठाम सांगता येत नाही. माझ्या पेशंटांना मी गैरहजेरीचा उल्लेख न करता सरळ व्यायाम सुरू करायला सांगते.

पायवाट

तो तूर्तास बाजूला ठेवतो. पण हे सगळं बदलून फरक पडतोय की नाही हे मोजायचं कसं? सर्व्हर नाही, आणि आणायचाही नाही.

कोडगा

ज्यांनी वापरायला घेतलंय त्यांच्याकडून त्यांच्या मर्जीने एक्सपोर्ट मागा, फक्त तारखा आणि वेळा, सवयीचं नाव नको. मग दोन गोष्टी बघा. पहिला खंड पडल्यावर सात दिवसांत किती जण परत आले, जुन्या आवृत्तीत आणि नव्या. दुसरं, टिका किती वाजता पडतात. रात्री अकरा पन्नास ते बाराच्या मध्ये टिकांचा ढीग दिसला, तर लोक सवय नाही, आकडा सांभाळतायत. दिवस आता तीनला संपतो, तेव्हा तो ढीग तीनकडे सरकतो का तेही बघा. रात्रपाळीताईंसारखे खरंच उशिरा करणारे त्यात येतील, म्हणून एकेकाची नोंद वेगळी बघायची, सगळ्यांची बेरीज करायची नाही.

सॅनहोजेकर

उशिरा आले, सगळं वाचलं. तारखेत एक राहिलंय. मी शुक्रवारी रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून निघते आणि मुंबईत उतरते तेव्हा रविवारची पहाट झालेली असते. शनिवार सगळा विमानात. फोन फ्लाइट मोडवर जुन्याच वेळेत असतो, त्यामुळे त्यात शनिवार उगवतो, पण तेव्हा मी सीटवर अवघडून झोपलेली. चालणार कुठे, शौचालयापर्यंत? दर वेळी त्या शनिवारी माझी स्ट्रीक जाते.

पायवाट

लागोपाठच्या दोन नोंदींमध्ये फोनचा टाइमझोन बदलला असेल, तर मधल्या रिकाम्या दिवसाला आपोआप सूट देता येईल. त्याला लोकेशनची परवानगीही लागत नाही.

कोडगा

आपोआप नको, विचारा. टाइमझोन हाताने बदलून सूट काढणारे महाभाग मी पाहिलेत. आणि परतीच्या वाटेवर उलट होईल: रविवारी पहाटे मुंबईत चालून विमानात बसल्या, तर तिकडे उतरल्यावर अजून रविवारच असतो. एका तारखेला दोन टिका. दुसरी टाकून देताय की एकूण वेळांत धरताय?

पायवाट

एकूण वेळांत धरीन, टक्क्यात नाही. पण मग औषधाच्या गोळीला दोनदा टिक चालेल का, हे बघावं लागेल. तिथे दुसऱ्या टिकेला निदान विचारायला तरी हवं.

अण्णा_सातारकर

ते पाण्याचं बटण कुठं आहे? मुलाने तुमचं ॲप घालून दिलंय, पण मला "नवी सवय" एवढंच दिसतंय.